हरवलेली मिनिटे परत कशी मिळतात

५ मे २०२४ च्या दुपारी देशभर वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा सुरू झाली, तेव्हा सहा केंद्रांवरच्या मुलांच्या हातात प्रश्नपत्रिका वेळेवर तरी आली नाही किंवा चुकीची तरी आली. परीक्षा होती २०० मिनिटांची, दुपारी २ ते ५.२०. या मुलांची त्यातली काही मिनिटे कोऱ्या बाकासमोर किंवा परत द्याव्या लागलेल्या पुस्तिकेवर गेली. ती मिनिटे त्याच दुपारी, त्याच खोलीत भरून दिली असती, तर ही बाब केंद्राच्या अहवालातल्या दोन ओळींत संपली असती. तसे झाले नाही. प्रकरण पंजाब व हरियाणा, दिल्ली आणि छत्तीसगड अशा तीन उच्च न्यायालयांत गेले, तिथून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, आणि शेवटी १,५६३ मुलांना फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला.

परीक्षेच्या खोलीत गेलेला वेळ भरून देण्याची खरी जागा ती खोलीच असते. तो नेमका कसा मोजायचा, कोणी द्यायचा आणि कुठे हा उपाय लागू पडत नाही, हे दहावी-बारावीच्या प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे.

आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेपासून सुरुवात करू. सकाळच्या सत्राचा पेपर ११ वाजता असतो आणि मुलांना साडेदहाला हजर राहायचे असते. पूर्वी वाचनासाठी प्रश्नपत्रिका १० मिनिटे आधी मिळत असे. प्रश्नपत्रिकेचे फोटो मोबाइलवरून बाहेर जाऊ लागले, म्हणून २०२३ पासून मंडळाने ती पद्धत बंद केली आणि तीच १० मिनिटे शेवटी जोडली. त्यामुळे तीन तासांचा पेपर आता २ ऐवजी २.१० ला संपतो आणि दोन तासांचा १.१० ला. या बदलाने एक गोष्ट नकळत कठीण झाली. पूर्वी वाटपाला पाच मिनिटे उशीर झाला तरी तो वाचनाच्या दहा मिनिटांत जिरत असे, लिहिण्याच्या वेळेला धक्का लागत नसे. आता ११ ची घंटा आणि हातात पेपर या दोन गोष्टी एकाच क्षणी व्हाव्या लागतात. वाटप रेंगाळले की ते थेट लिहिण्याच्या वेळेतून कापले जाते.

प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटे परिरक्षकाकडून केंद्रावर येतात, केंद्रसंचालक ती दालनांप्रमाणे पर्यवेक्षकांकडे सोपवतात, आणि दालनात मुलांसमोर पाकीट फोडले जाते. ते सीलबंद होते याची खूण म्हणून विद्यार्थ्यांच्या सह्याही घेतल्या जातात. या साखळीत उशीर तीन ठिकाणी होऊ शकतो. गाडी अडकली तर केंद्रावर पाकिटेच उशिरा येतात. कार्यालयात दालनांची वाटणी चुकली तर एखाद्याच दालनात पाकीट उशिरा पोहोचते. आणि पाकीट वेळेवर फुटूनही आत प्रती कमी निघाल्या किंवा माध्यम चुकीचे निघाले, तर एका-दोन बाकांवर उशीर होतो.

पहिल्या प्रकारात हिशेब सोपा आहे. सगळ्या केंद्राचा पेपर ११.१५ ला सुरू झाला, तर सगळ्या केंद्राची शेवटची घंटा १५ मिनिटे पुढे जाते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालेला उशीर असल्याने त्यावर वादही होत नाही. मुलांचे नुकसान होते ते मुख्यतः तिसऱ्या प्रकारात, कारण तिथे उशीर झाल्याचे ठाऊक असते फक्त त्या बाकावरच्या मुलाला आणि पर्यवेक्षकाला.

दहावीच्या गणित भाग १ चे उदाहरण घेऊ. पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. एका दालनात २५ मुले बसली आहेत, त्यातली सहा सेमी-इंग्रजीची, म्हणजे गणित इंग्रजीतून लिहिणारी. ११ वाजता घंटा होते. पर्यवेक्षक बाई भराभर पेपर वाटतात आणि घाईत त्या सहा जणांनाही मराठी माध्यमाचा पेपर जातो. पहिली दोन-तीन मिनिटे कोणी बोलत नाही. मुलगा पेपर उलटसुलट करून पाहतो, शेजारच्याकडे बघावे तर कॉपीचा संशय येईल म्हणून मान खाली घालतो. ११.०३ ला एक मुलगी हात वर करते. बाई दाराशी जाऊन शिपायाला कार्यालयात पाठवतात. कार्यालयात जादा प्रतींची शोधाशोध होते. ११.१६ ला चार प्रती येतात, ११.१८ ला उरलेल्या दोन.

आता या सहा जणांना किती मिनिटे द्यायची? इथे चार वेगवेगळी उत्तरे दिली जाऊ शकतात. पेपर बदलायला माणूस गेला ११.०३ ला आणि आला ११.१६ ला, म्हणून १३ मिनिटे, हे एक उत्तर. तक्रार ११.०३ ला आली आणि शेवटची प्रत ११.१८ ला मिळाली, म्हणून १५ मिनिटे, हे दुसरे. प्रश्न तर तेच होते, फक्त भाषा वेगळी, तेव्हा पाच मिनिटे पुरेत, हे तिसरे. आणि चौथे, जे बरोबर आहे: ११ च्या घंटेपासून त्या-त्या मुलाच्या हातात त्याचा योग्य पेपर येईपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढा सगळा. म्हणजे चौघांना १६ मिनिटे आणि दोघांना १८. व्यवहारात सहाही जणांना १८ देणे सोपे आणि न्याय्य, कारण दोन मिनिटांच्या फरकासाठी दोनदा उत्तरपत्रिका गोळा करण्यात सगळ्यांचेच लक्ष विचलित होते. त्यांचा पेपर १.१० ऐवजी १.२८ ला संपेल. बाकीच्या १९ जणांचा १.१० लाच संपेल, कारण त्यांचे काही गेलेले नाही.

हिशेब तक्रारीपासून का धरायचा नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. हात वर करायला लागलेली तीन मिनिटे हा त्या मुलीचा दोष नाही. चूक ओळखण्यात गेलेला वेळ हा चुकीचाच भाग आहे. आणि प्रश्न तेच होते हा युक्तिवाद कागदावर बरा वाटतो, पण सेमी-इंग्रजीच्या मुलाने वर्गात जी संज्ञा इंग्रजीत ऐकली तिचे मराठी नाव त्याला ठाऊक असेलच असे नाही. त्याने त्या १८ मिनिटांत काही सोडवले असेल तर ते उत्तर राहू द्यावे, तपासलेही जावे, पण त्यासाठी त्याची मिनिटे कापू नयेत. कोणी किती सोडवले याचा अंदाज पर्यवेक्षकाने बांधू लागणे हीच अन्यायाची सुरुवात असते. घड्याळ सगळ्यांना सारखे दिसते, अंदाज प्रत्येकाचा वेगळा असतो.

त्या सहा जणांत एखादा दिव्यांग विद्यार्थी असेल, तर आणखी काळजी घ्यावी लागते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा विद्यार्थ्याला तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात. ती त्याची हक्काची मिनिटे आहेत आणि उशिराच्या भरपाईशी त्यांचा काही संबंध नाही. ‘तुला तर जादा वेळ आहेच’ असे म्हणून १८ मिनिटे त्यात मिसळून टाकली, तर उशिराचा सगळा भार त्या एकट्यावर पडतो. त्याची ठरलेली अखेरची वेळ जी असेल ती आधी धरायची आणि त्यापुढे १८ मिनिटे मोजायची.

वेळ वाढवून देणे पर्यवेक्षकाच्या एकट्याच्या हातात नसते. त्याने केंद्रसंचालकाला कळवायचे, केंद्रसंचालकाने खात्री करून निर्णय द्यायचा, वरिष्ठ कार्यालयाच्या कानावर घालायचे आणि अहवालात लिहायचे, असा त्याचा रस्ता आहे. हा रस्ता तुंबतो तो बहुतेक वेळा भीतीमुळे. पेपर उशिरा दिला असे लिहिणे म्हणजे आपली चूक कबूल करणे, असे वाटून पर्यवेक्षक तोंडी सांगतो, ‘देतो रे शेवटी पाच-दहा मिनिटे’. शेवटची घंटा होते, दुसरा कर्मचारी उत्तरपत्रिका मोजायला दारात उभा राहतो आणि ते तोंडी आश्वासन हवेत विरते. म्हणूनच नोंद घटनेच्या वेळीच व्हायला हवी: किती वाजता घंटा झाली, कोणत्या बैठक क्रमांकांना योग्य पेपर किती वाजता मिळाला, त्यांची नवी अखेरची वेळ काय. तीन आकड्यांची ही नोंद फळ्यावर लिहिली की मुलांनाही दिसते. उरलेले काम त्यांना त्याप्रमाणे वाटून घेता येते. जादा वेळ मिळणार हे शेवटच्या मिनिटाला कळले, तर त्याचा अर्धा उपयोग गेलेला असतो, कारण मोठे उदाहरण तोवर वेळ पुरणार नाही म्हणून सोडून दिलेले असते.

भरपाईला एक मर्यादा वेळापत्रकाचीही आहे. सकाळचा तीन तासांचा पेपर २.१० ला संपतो आणि दुपारच्या सत्राच्या मुलांना अडीचला हजर राहायचे असते. मध्ये उरतात २० मिनिटे. एखाद्या दालनात ३५ मिनिटे उशीर झाला, तर दुपारची मुले दाराशी येऊन उभी राहतात. अशा वेळी सकाळच्या मुलांची मिनिटे कापायची नसतात. दुपारच्या मुलांना दुसऱ्या खोलीत बसवायचे असते. ज्या केंद्रावर एक खोली आधीपासून मोकळी ठेवलेली असते, तिथे हे निभावते.

आतापर्यंतचे सगळे उदाहरण चुकीच्या माध्यमाचे होते. चुकीचा पेपर मात्र अनेक तऱ्हेचा असतो आणि प्रत्येक तऱ्हेत नुसता वेळ देऊन भागत नाही. दहावीला गणिताचे आणि विज्ञानाचे प्रत्येकी दोन भाग वेगवेगळ्या दिवशी असतात. भाग १ च्या दिवशी चुकून भाग २ चे पाकीट फुटले, तर त्या दालनातल्या मुलांना वेळ वाढवून देता येईल, पण पुढचा पेपर उघडा पडला त्याचे काय? मार्च २०२५ मध्ये हिमाचल प्रदेशात चंबा जिल्ह्यातल्या एका केंद्रावर दहावीच्या इंग्रजीच्या दिवशी बारावीच्या इंग्रजीचा गठ्ठा उघडला गेला. बारावीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. तिथल्या शिक्षण मंडळाला तो पेपर संपूर्ण राज्यात रद्द करावा लागला. असे पाकीट चुकून हातात आले, तर ते दालनात फोडण्याआधी त्यावरचा विषय, भाग आणि माध्यम मोठ्याने वाचणे हा एकच भरवशाचा उपाय आहे. त्याला दहा सेकंद लागतात.

दुसरी तऱ्हा गोल काळे करायच्या परीक्षांत दिसते. नीटमध्ये प्रश्नपुस्तिकेवर एक सांकेतिक अक्षर असते आणि तेच ओएमआर उत्तरपत्रिकेवर असावे लागते. प्रत्येक अक्षराच्या पुस्तिकेत प्रश्नांचा क्रम वेगळा असतो. त्यामुळे पुस्तिका बदलली की उत्तरपत्रिकाही बदलावी लागते, आधी काळे केलेले गोल वाया जातात, आणि नाव, क्रमांक, सही हे सगळे पुन्हा भरावे लागते. ही माहिती भरायला एरवी परीक्षेच्या मिनिटांबाहेर वेगळा वेळ दिलेला असतो. म्हणून इथे भरपाई मोजताना योग्य पुस्तिका हातात आली तो क्षण धरून चालत नाही. नवी उत्तरपत्रिका भरून झाली आणि पहिला प्रश्न वाचायला मुलगा मोकळा झाला, तिथवर मोजावे लागते.

त्याच ५ मे २०२४ ला राजस्थानात सवाई माधोपूरच्या एका केंद्रावर हिंदी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी पुस्तिका दिल्या गेल्या. मुलांनी हरकत घेतली, गोंधळ झाला, आणि चूक सुधारली जाण्याआधीच काही मुले प्रश्नपत्रिका घेऊन खोलीबाहेर पडली. एकदा मूल पेपरसह बाहेर गेले की वेळ वाढवून देण्याचा मार्ग बंद होतो, कारण त्या पेपरची गुप्तता त्या केंद्रापुरती संपलेली असते. सुमारे १२० मुलांची परीक्षा त्याच दिवशी पुन्हा घ्यावी लागली. मुलांचा संताप समजण्यासारखा होता, पण खोलीत बसून राहणे हेच त्यांच्या हिताचे होते, हेही या घटनेतून दिसते.

उरलेल्या सहा केंद्रांचे काय झाले, ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेने म्हणजे एनटीएने एक समिती नेमली. समितीने केंद्रांचे अहवाल आणि सीसीटीव्हीचे चित्रण पाहून कोणाची किती मिनिटे गेली ते ठरवले आणि मिनिटांऐवजी गुण दिले. त्यासाठी आधार घेतला २०१८ च्या क्लॅट या विधी प्रवेश परीक्षेतल्या सूत्राचा. ती परीक्षा संगणकावर झाली होती, यंत्रे बंद पडून मुलांचा वेळ गेला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा गुणभरपाई मान्य केली होती. सूत्राचा गाभा असा की, मिळालेल्या वेळात मुलाने ज्या वेगाने आणि ज्या अचूकतेने प्रश्न सोडवले, त्याच वेगाने आणि अचूकतेने त्याने गेलेल्या वेळातही सोडवले असते.

हे उदाहरणाने पाहू. एका मुलीची २० मिनिटे गेली, म्हणजे तिला २०० ऐवजी १८० मिनिटे मिळाली. त्यात तिने १५० प्रश्न सोडवले, १३५ बरोबर आणि १५ चूक. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ वजा, म्हणून तिचे ५२५ गुण. तिचा वेग १८० मिनिटांना १५०, तेव्हा २० मिनिटांत ती सुमारे १७ प्रश्न सोडवती. त्यातले दहात नऊ बरोबर धरले तर साधारण ५८ गुण आणखी. म्हणजे ५२५ चे एकदम ५८३. वैद्यकीय प्रवेशात एकेका गुणावर हजारो मुले उभी असतात. तिथे ५८ गुणांची ही भर एका गृहीतकावर उभी आहे.

आणि ते गृहीतक कच्चे आहे. सोपे प्रश्न आधी उरकून अवघड शेवटी ठेवायचे, ही बहुतेक मुलांची रीत असते, त्यामुळे शेवटच्या २० मिनिटांचा वेग पहिल्यासारखा नसतो. उलट एखादा मुलगा शेवटी वेग पकडतो. शिवाय संगणकावरच्या परीक्षेत कोणी किती वेळ वापरला याची नोंद यंत्रात राहते. कागदावरच्या परीक्षेत अशी नोंद कुठेच नसते. या पद्धतीने काढलेले गुण उणे २० पासून ७२० पर्यंत पसरले. म्हणजे ज्याची चुकीची उत्तरे जास्त, त्याच्या पदरी भरपाईनेही फारसे काही आले नाही. दोन मुलांचे गुण ७१८ आणि ७१९ निघाले आणि तिथेच लोकांच्या लक्षात आले की काहीतरी वेगळे घडले आहे. कारण १८० प्रश्नांपैकी एक सोडला तर ७१६ होतात आणि एक चुकला तर ७१५. मधला आकडा सरळ मार्गाने येऊच शकत नाही.

१३ जून २०२४ रोजी एनटीएने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, हे वाढीव गुण रद्द होतील. मुलांनी भरपाईविना मूळ गुण स्वीकारावेत किंवा २३ जूनला पुन्हा परीक्षा द्यावी. १,५६३ पैकी ८१३ जण आले. झज्जरच्या ४९४ पैकी २८७, छत्तीसगडच्या ६०२ पैकी २९१, मेघालयाच्या ४६४ पैकी २३४. बाकी ७५० जणांनी मूळ गुणांवरच समाधान मानले. पैकीच्या पैकी गुण मिळालेल्या मुलांची संख्या यानंतर ६७ वरून ६१ वर आली. परीक्षेची तयारी संपवून पुस्तके बाजूला ठेवलेल्या मुलांना सात आठवड्यांनी नव्या प्रश्नपत्रिकेसमोर बसावे लागले, आणि तेही आपली काही चूक नसताना.

एकाच चुकीवर किती निरनिराळे उपाय होऊ शकतात, ते एवढ्यात दिसून येते. त्याच खोलीत मिनिटे देणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अचूक उपाय, कारण तिथे कोणताही अंदाज बांधावा लागत नाही: १८ गेली, १८ दिली. गुण देणे म्हणजे मुलाने काय केले असते याची कल्पना करणे. फेरपरीक्षा म्हणजे त्याच्याकडून दुसरीच कामगिरी मागणे. पहिला उपाय फक्त काही तासच हाताशी असतो. उत्तरपत्रिका गोळा होऊन सील लागले की तो कायमचा जातो.

त्यामुळे परीक्षेला निघालेल्या मुलाला घरातून सांगायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पेपर हातात येताच प्रश्न वाचण्याआधी त्यावरचा विषय, भाग आणि माध्यम पाहायचे. गोल काळे करायची परीक्षा असेल तर पुस्तिकेचे अक्षर उत्तरपत्रिकेशी जुळवायचे. काही वेगळे दिसले तर लगेच हात वर करायचा, गप्प बसायचे नाही. चुकीच्या पेपरवर लिहायला लागायचे नाही आणि रागावून खोलीबाहेरही जायचे नाही. योग्य पेपर मिळाला की घड्याळ पाहून पर्यवेक्षकांना नम्रपणे विचारायचे, ‘सर, माझा पेपर किती वाजता संपेल?’ ती वेळ त्यांनी फळ्यावर किंवा नोंदीत लिहिली की काम झाले. लिहिली नाही, तर केंद्रसंचालकांना भेटायची विनंती पेपर चालू असतानाच करायची. आणि शेवटची घंटा होऊनही वेळ मिळालाच नाही, तर पालकांनी त्याच दिवशी केंद्रसंचालकांकडे आणि विभागीय मंडळाकडे लेखी अर्ज द्यावा. त्यात दालन, बैठक क्रमांक, योग्य पेपर मिळाल्याची वेळ आणि उत्तरपत्रिका घेतल्याची वेळ एवढे असले तरी चालते. सीसीटीव्हीच्या चित्रणाशी ताडून पाहता येतील अशा या गोष्टी आहेत, आणि नीटच्या समितीलाही शेवटी त्यांचाच आधार घ्यावा लागला होता.

पर्यवेक्षकांनाही एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. उशीर कुणाच्याही हातून होतो, आणि तो नोंदवला म्हणून कोणा मुलाचे वाईट होत नाही. नोंदवला नाही की मात्र होते. घड्याळ पाहून लिहिलेली एक ओळ त्या मुलाला त्याचा पूर्ण पेपर परत देते, आणि नंतर कुठल्याही न्यायालयाला ते इतक्या नेमकेपणाने देता येत नाही.